टोक बांधलेलं की मोकळं: λ(T) = 0 कुठे लिहायचं आणि कुठे नाही

ऑप्टिमल कंट्रोलच्या वह्या तपासताना एक ओळ मला दरवर्षी भेटते. हॅमिल्टोनियन बरोबर, कोस्टेटचं समीकरण बरोबर, आणि त्याखाली सवयीने लिहिलेलं λ(T) = 0. गणितात शेवटची स्टेट स्पष्ट दिलेली असली तरीही. मग कंट्रोल शून्य येतो, सिस्टिम जागची हलत नाही, आणि मुलं चूक शोधायला वरच्या बरोबर ओळींकडे वळतात.

ही गल्लत दोन गणितांची आहे. पहिल्यात शेवटची स्टेट नेमून दिलेली असते; त्याला मी टोक बांधलेलं म्हणतो. दुसऱ्यात स्टेट कुठेही संपली तरी चालते, फार तर लक्ष्य चुकल्याचा दंड खर्चात धरलेला असतो. ते टोक मोकळं. हॅमिल्टोनियन दोन्हीकडे एकच, कोस्टेटचं समीकरणही एकच. म्हणूनच ती सारखी वाटतात.

उदाहरण म्हणून कपॅसिटर घेऊ, कारण तिथे ‘किमान ऊर्जा’ हे शब्द खरे असतात. कपॅसिटर १ फॅरडचा, सुरुवातीला रिकामा. त्याला ½ ओहमच्या रेझिस्टरमधून ३ सेकंदांत ६ व्होल्टपर्यंत चार्ज करायचं आहे. x म्हणजे कपॅसिटरवरचं व्होल्टेज, u म्हणजे करंट. १ फॅरडमुळे x' = u, म्हणजे निव्वळ सिंगल इंटिग्रेटर. रेझिस्टरमध्ये दर सेकंदाला Ru², म्हणजे ½u² इतकी उष्णता वाया जाते. ती एकूण कमीत कमी हवी.

```
J  = ∫ ½u² dt          (t = 0 ते 3)
H  = ½u² + λu
∂H/∂u = u + λ = 0   →  u = -λ
λ' = -∂H/∂x = 0     →  λ = c
x(t) = -c t
```

इथपर्यंत बहुतेकांचं बरोबर असतं, म्हणून फार थांबत नाही. एकच आग्रह: -∂H/∂x ही पायरी लिहा, थेट λ' = 0 लिहू नका. λ स्थिर आला तो H मध्ये x नाही म्हणून. कपॅसिटर थोडा गळका असेल तर x' = u - ax होतं, H मध्ये -aλx येतं आणि λ' = aλ मिळतं. ‘किमान ऊर्जेत λ स्थिर असतो’ असं पाठ केलेला विद्यार्थी तिथे हमखास फसतो.

चिन्हाचंही एका दमात सांगून टाकतो. काही पुस्तकं पोंत्रयागिनच्या मूळ पद्धतीने H = -½u² + λu लिहितात आणि H ची किमान नव्हे तर कमाल किंमत शोधतात. तिथे u = λ येतं आणि λ चं चिन्ह उलटतं. दोन्ही पद्धती चालतात, पण एकाच उत्तरात दोन्ही नकोत. मी किमानवालीच वापरतो.

आता मुद्द्याची ओळ. c काढायचा कसा? त्यासाठी λ(T) ची अट मुळात येते कुठून ते पाहावं लागतं. खर्चात λ(u - x') मिळवायचं. ते शून्यच असतं, त्यामुळे खर्च बदलत नाही. मग मार्ग किंचित हलवून खर्चात काय फरक पडतो ते तपासायचं. λx' या पदाचं खंडशः समाकलन केलं की आतल्या भागातून कोस्टेटचं समीकरण मिळतं, आणि टोकाला एक पद उरतं:

```
टोक बांधलेलं:              -λ(T) δx(T)
टोक मोकळं, दंड φ(x(T)):   [φ'(x(T)) - λ(T)] δx(T)
```

खर्च किमान असेल तर हे पद शून्य व्हायलाच हवं. टोक बांधलेलं असेल तर δx(T) स्वतःच शून्य आहे, कारण शेवट हलवायची परवानगीच नाही. पद आपोआप गेलं, आणि λ(T) वर कसलंही बंधन उरलं नाही. तो अज्ञात आहे; त्याला x(3) = 6 ही अट ठरवेल. टोक मोकळं असेल तर δx(T) काहीही असू शकतो, म्हणून कंसच शून्य करावा लागतो: λ(T) = φ'(x(T)). दंडही नसेल तर φ = 0, आणि तेव्हाच, फक्त तेव्हाच, λ(T) = 0.

म्हणजे λ(T) = 0 ही शेवटची स्टेट मोकळी सोडल्याची किंमत आहे. ती कोस्टेटच्या समीकरणाचा भाग नाही. तिला ‘कोस्टेटची नेहमीची अट’ म्हणणं मला अजिबात पटत नाही. सगळा घोळ त्या ‘नेहमीची’मधून सुरू होतो.

आपलं टोक बांधलेलं आहे, म्हणून:

```
x(3) = -3c = 6  →  c = -2,  u = 2,  J = ½·4·3 = 6
```

तिन्ही सेकंद २ अँपिअरचा स्थिर करंट आणि ६ ज्यूल उष्णता. तोच कपॅसिटर त्याच रेझिस्टरमधून थेट ६ व्होल्टच्या सप्लायला जोडला असता तर पूर्ण चार्ज होईपर्यंत ½CV², म्हणजे १८ ज्यूल जळाले असते.

आता टोक मोकळं करू आणि ½s(x(3) - 6)² असा दंड लावू. वरच्या पाचपैकी फक्त J ची ओळ बदलते, तीही दंड मिळवण्यापुरती. टोकाची अट मात्र वेगळी:

```
λ(3) = s(x(3) - 6)
c = s(-3c - 6)  →  c = -6s/(1 + 3s)
```

s = 1 ठेवला तर c = -1.5. करंट १.५ अँपिअर, आणि कपॅसिटर ४.५ व्होल्टवर थांबतो. ही चूक नाही. उरलेल्या दीड व्होल्टचा दंड भरणं उष्णतेपेक्षा स्वस्त पडलं, इतकंच. s = 100 केला की x(3) सुमारे ५.९८ होतो. s कितीही वाढवला तरी बरोबर ६ येत नाही, फक्त जवळ जातो, आणि c सरकत सरकत -2 कडे येतो. उलट s = 0 केला की c = 0, u = 0: कोणी काही मागितलंच नाही, म्हणून कपॅसिटर रिकामाच राहिला. बांधलेल्या टोकाच्या गणितात λ(3) = 0 लिहिणारा नकळत हेच शेवटचं गणित सोडवत असतो.

चूक ओळखायला अटी मोजा. x आणि λ अशी पहिल्या ऑर्डरच्या डेरिव्हेटिव्हची दोन समीकरणं आहेत, म्हणून अटीही दोनच. x(0) = 0 ही एक. दुसरी x(3) ची किंवा λ(3) ची. वहीत x(0), x(3) आणि λ(3) तिन्ही दिसले की समजायचं, एक घुसखोर आहे.

उत्तर ताडून पाहायचं असेल तर λ ला दर समजा: सुरुवातीची स्टेट थोडी वाढवली तर किमान खर्च कोणत्या दराने बदलेल तो λ(0). बांधलेल्या टोकात कपॅसिटर आधीच ०.१ व्होल्टवर असेल, तर उरलेल्या ५.९ व्होल्टसाठी उष्णता 5.9²/6, म्हणजे सुमारे ५.८ ज्यूल. ०.१ व्होल्टमागे ०.२ ज्यूल वाचले. दर -2, जो c निघाला तोच. λ शून्य असता तर आयता मिळालेला तो ०.१ व्होल्ट काहीच वाचवत नाही असं म्हणावं लागलं असतं.