घरच्या मजुरीचा आणि घरच्या जमिनीचा खर्च

एक एकर सोयाबीनचा हिशेब मांडून पाहू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. उतारा ८ क्विंटल, भाव ४,८०० रुपये, म्हणजे हाती ३८,४०० रुपये आले. बियाणे, खत, फवारणी, ट्रॅक्टरची नांगरट-पेरणी, बाहेरचे मजूर, मळणी आणि औजारांची झीज मिळून १९,००० रुपये गेले. उरले १९,४००. वहीतला नफा, म्हणजे हिशेबी नफा, तो हाच.

पण या हंगामात घरच्या माणसांनी मिळून २४ दिवस राबून काम केले. गावात रोज ४०० रुपये असेल तर ते ९,६०० झाले. जमीन खंडाने दिली असती तर हंगामाचे १०,००० मिळाले असते. पिकात गुंतलेले स्वतःचे पैसे आणि औजारांची आजची विक्री किंमत मिळून ४०,००० धरली, तर ७ टक्क्यांनी सहा महिन्यांचे व्याज १,४०० होते. तिन्ही मिळून २१,०००. याला संधी खर्च म्हणतात: पैसा खिशातून गेला नाही, पण दुसरीकडून येणारा हुकला. १९,४०० मधून २१,००० वजा केले की आर्थिक नफा उणे १,६०० येतो. म्हणजे जमीन खंडाने देऊन, मजुरीला जाऊन आणि पैसे बँकेत ठेवून १,६०० रुपये जास्त मिळाले असते.

केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाचे हिशेबही याच फरकावर उभे आहेत. ‘ए२’ मध्ये मुख्यतः प्रत्यक्ष केलेला खर्च येतो, ‘ए२ + एफएल’ मध्ये घरच्या श्रमाची मजुरीही धरतात आणि ‘सी२’ मध्ये स्वतःच्या जमिनीचा खंड व स्वतःच्या भांडवलाचे व्याजही येते. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झाला, तो ३,२६१ रुपये खर्चाच्या दीडपट होता. तो खर्च ‘ए२ + एफएल’चा होता. शेतकरी संघटना ‘सी२’च्या दीडपटीसाठी भांडतात ते त्यामुळे. जमीन आणि भांडवल फुकट धरले तर दीडपट दिसायला मोठी, पण तिच्यातला बराच भाग नफा नसतोच.

हा हिशेब हमखास चुकतो तो दोन ठिकाणी. एक म्हणजे जमिनीचा खंड धरून पुन्हा तिच्या किमतीवर व्याजही धरतात. एकच गोष्ट दोनदा मोजली जाते आणि नफा खोटा कमी दिसतो. दोन्हींपैकी एकच धरावे. कर्ज काढले असेल तर त्याचे व्याज वहीत आधीच आलेले असते. म्हणून वरून फक्त स्वतःच्या पैशाचे व्याज लावायचे.

दुसरी चूक श्रमाच्या दराची. आपल्याला किती मिळायला हवे हा दर इथे चालत नाही. त्या दिवसांत खरोखर दुसरीकडे काय मिळाले असते तेच धरायचे. आपल्या उदाहरणात २४ पैकी फक्त १० दिवसच बाहेर काम उपलब्ध असेल, तर श्रमाचा खर्च ९,६०० नव्हे, ४,००० होतो. तिन्ही खर्चांची बेरीज १५,४०० वर येते आणि आर्थिक नफा उणे १,६०० ऐवजी अधिक ४,००० होतो. म्हणून शेत कसायचे की खंडाने द्यायचे, हे ठरवण्याआधी हंगामात गावात किती दिवस काम मिळते ते विचारून घ्यावे. भाव आणि उतारा तोच राहूनही उत्तर तिथेच पालटते.