दाढ वाचत नसल्याचे पत्र

तुटलेली दाढ का वाचवता येत नाही आणि तिच्या जागी काय बसवता येईल, हे दंतवैद्याने रुग्णाला लेखी कळवण्याची पद्धत. कागल, राधानगरी, गडहिंग्लजहून कोल्हापूरला दाखवायला आलेला रुग्ण बहुधा घरी विचारून निर्णय घेतो. खुर्चीत तोंड उघडे ठेवून ऐकलेले निम्मे गावी पोचेपर्यंत विसरते, म्हणून हा कागद.

पत्राला सर्वांत आधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : दुखत नाही, मग काढायची कशाला? नेहमी आढळणारे उदाहरण असे. खालची डावी पहिली मोठी दाढ, दोन वर्षांपूर्वी रूट कॅनल झालेले, कॅप मात्र राहून गेलेली. मटणाची नळी फोडताना जिभेकडची भिंत उभी तुटली. रूट कॅनलमध्ये आतली नस काढलेली असल्याने कळ येत नाही. दाढ कमकुवत होते ती मुख्यतः नस गेल्याने नव्हे, तर कीड आणि खोदकामात तिचा बराच भाग गेल्याने. उरलेल्या भिंतींना वरून बांधून ठेवणारी कॅप नसली की त्या चावताना फाकतात.

पुढचा खुलासा मापाचा आहे. कॅप टिकायची तर तिच्या कडेने दाढेचा निरोगी भाग चारही बाजूंनी सुमारे २ मिमी उंच पकडायला हवा. पिंप फुटू नये म्हणून लोखंडी पट्टी जे करते, तेच काम ही पकड करते. त्याखाली हाडापर्यंत आणखी सुमारे २ मिमी जागा हिरडीला चिकटण्यासाठी लागते. कॅप त्या जागेत घुसवली तर हिरडी कायम लाल राहते, रक्त येते आणि हाड झिजते. म्हणजे हाडाच्या वर अंदाजे ४ मिमी दाढ हवी. वरील उदाहरणात जिभेकडे तुटीची रेषा हाडाच्या काठालाच भिडली आहे. तिथे काहीच उरलेले नाही.

हाड तासून दाढ उघडी करण्याची शस्त्रक्रिया असते, पण खालच्या दाढेची दोन मुळे हाडाच्या काठाखाली थोड्याच अंतरावर फुटतात. ४ मिमी हाड काढले तर तो दुबेळका उघडा पडतो, त्यात अन्न अडकते, ब्रश पोचत नाही. तार लावून मूळ वर ओढण्याचा उपाय पुढच्या एकमुळी दातांना चांगला. दाढेत दुबेळकाही सोबत वर येतो. मूळच उभे चिरले असेल तर यातले काहीच लागू नाही. हिरडीत एकाच ठिकाणी तपासणीची सळई खोल जाणे आणि एक्स-रेमध्ये मुळाला वेढणारी काळी सावली या त्याच्या खुणा. मात्र बारीक चीर एक्स-रेत दिसतेच असे नाही, म्हणून ‘चीर दिसली’ की ‘चिरेची शंका आहे’ हे पत्रात स्पष्ट असावे.

उदाहरणातील पत्राचा मजकूर साधारण असा येतो :

‘स. न. वि. वि. आपली खालची डावी दाढ आतल्या बाजूने हाडापर्यंत तुटली आहे. कॅपला पकडायला तिथे दाढ उरलेली नाही. जबरदस्तीने कॅप बसवली तर ती निघेल किंवा हिरडी पिकेल, आणि आपला खर्च वाया जाईल. म्हणून दाढ काढण्याचा सल्ला देत आहे. एक्स-रेची प्रत सोबत आहे. दुसऱ्या डॉक्टरांना जरूर दाखवावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या परस्पर बंद करू नयेत, आधी कळवावे.’

पर्यायांत इम्प्लांट पहिला येतो. दाढ काढल्यावर बहुधा दोन-तीन महिने थांबून हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात, तो हाडाशी एकजीव व्हायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने देतात, मग वर कॅप. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस त्याच हाडातून जाते. तिच्यापासून किमान २ मिमी अंतर राहते का, हे थ्रीडी स्कॅनवर पाहावे लागते. धूम्रपान आणि हाताबाहेर गेलेला मधुमेह यांत इम्प्लांट फसण्याची शक्यता वाढते. खर्च लिहिताना दाढ काढणे, स्क्रू आणि वरची कॅप वेगवेगळी दाखवावी. ‘इम्प्लांट’ एवढाच आकडा ऐकून गेलेल्या रुग्णाशी पुढे वाद ठरलेला.

ब्रिज म्हणजे शेजारच्या दातांवरील कॅपना जोडलेला खोटा दात. तो लवकर होतो, पण त्यासाठी शेजारचे दोन्ही दात तासावे लागतात. ते अखंड असतील तर हे नुकसानच. त्यांत आधीच मोठे सिमेंट भरलेले असेल आणि त्यांना कॅप लागणारच असेल, तर ब्रिज शहाणपणाचा. खाली साचणारे अन्न रोज बारीक ब्रशने काढावे लागते. काढता-घालता येणारी कवळी सर्वांत स्वस्त, पण एका दाढेसाठी ती हलते. रात्री काढून पाण्यात ठेवावी. एका दाताची छोटी कवळी झोपेत गिळली जाऊ शकते.

जागा रिकामी ठेवणे हाही पर्यायच आहे. मागची दाढ हळूहळू पुढे कलते, वरची खाली उतरते. सर्वांत होते असे नाही आणि लगेच तर नाहीच. पण दाढ काढल्यानंतर पहिल्या सहा महिन्यांत हाड जास्त आकसते. इम्प्लांट ‘पुढच्या ऊस बिलावर बघू’ म्हणणाऱ्याला हे आधीच लिहून द्यावे, कारण उशिरा आल्यास हाड भरण्याचा वेगळा खर्च पडू शकतो.