पाळीव जनावरांच्या विक्रीतील वाहतूक-विमा फसवणूक

कुत्र्याचे पिल्लू, मांजर, पोपट किंवा दुभते जनावर विकावयाचे आहे अशी आकर्षक छायाचित्रांसह जाहिरात देऊन, प्रत्यक्ष जनावर न देता त्याची वाहतूक, पिंजरा आणि विमा यांच्या नावाखाली ग्राहकाकडून टप्प्याटप्प्याने पैसे उकळण्याचा प्रकार. सर्वसाधारण विक्री-फसवणुकीत वस्तूची किंमत बुडते. येथे किंमत बहुधा मागितलीच जात नाही, ती ‘पिल्लू घरी पोहोचल्यावर द्या’ असे सांगितले जाते आणि बुडतो तो केवळ खर्च. ग्राहकाचा विश्वास बसतो तो या सवलतीमुळेच.

उगमाविषयी दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार हा एकोणिसाव्या शतकात युरोपात प्रचलित असलेल्या ‘स्पॅनिश कैदी’ या पत्रव्यवहाराचा वंशज आहे. त्या पत्रांत परदेशी तुरुंगात अडकलेल्या धनिकाच्या सुटकेसाठी थोडी रक्कम मागितली जाई, ती पाठविली की नवी अडचण उभी राही आणि मोठ्या मोबदल्याचे आश्वासन पुढे ढकलले जाई. दुसरे मत असे की पिल्लांच्या जाहिरातींचे आजचे रूप पश्चिम व मध्य आफ्रिकेतील, विशेषतः कॅमेरूनमधील टोळ्यांनी इंटरनेटवर घडविले. त्याचा काळ साधारणपणे या शतकाच्या पहिल्या दशकाचा उत्तरार्ध मानला जातो. गूगल कंपनीने २०२२ मध्ये अमेरिकेतील न्यायालयात कॅमेरूनमधील एका व्यक्तीविरुद्ध पिल्लांच्या बनावट संकेतस्थळांबद्दल दावा दाखल केला, त्याने या मताला बळ मिळते. दोन्ही मते परस्परविरोधी नाहीत. बनावट संकेतस्थळ आणि बनावट वाहतूक कंपनी ही साधने अलीकडची असली, तरी बंदिस्त जिवाच्या सुटकेसाठी पैसे मागण्याची रचना जुनीच आहे, आणि ती समजून घेण्यास पहिले मत अधिक उपयोगी पडते. भारतात यूपीआय घरोघरी पोहोचल्यावर परदेशी संकेतस्थळाची गरजही उरली नाही. स्थानिक खरेदी-विक्रीचे फलक, एक फोन क्रमांक आणि क्यूआर कोड एवढे पुरते.

इंदूरमध्ये हा व्यवहार कसा चालतो, हे एका प्रातिनिधिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. रामबागेतील एका मराठी कुटुंबाला गोल्डन रिट्रीव्हरचे पिल्लू ८,००० रुपयांत मिळेल अशी जाहिरात दिसते. जातिवंत पिल्लासाठी ही किंमत बरीच कमी असते, परंतु विक्रेता बंगळुरूहून बदली झाल्याचे कारण सांगतो आणि ‘पैशांपेक्षा चांगले घर हवे’ असे म्हणून घरात लहान मुले आहेत का, गच्ची आहे का, याची चौकशी करतो. विकणाराच ग्राहकाची पारख करू लागला, की ग्राहक त्याची पारख करणे सोडून देतो. टोकन म्हणून १,००० रुपये आणि बाकीचे ७,००० पिल्लू घरी आल्यावर, असे ठरते. मग विमानाच्या वाहतुकीचे २,५०० रुपये जातात. दुसऱ्या दिवशी ‘कार्गो’चा माणूस म्हणवणारा निराळ्याच क्रमांकावरून फोन करतो आणि वातानुकूलित पिंजऱ्याचे ६,५०० रुपये मागतो. ते परत मिळणार असतात. संध्याकाळी विम्याचे १२,००० रुपये निघतात, तेही परत मिळणारे. जाळीआडच्या पिल्लाचे छायाचित्र येते आणि त्याखाली ‘बच्चा सुबह से भूखा है, दीदी’ असा निरोप. २२,००० रुपये गेल्यानंतर लसीकरणाचा दाखला अपुरा असल्याचे कळते, आणि कुटुंबाने नकार दिल्यास जनावर सोडून दिल्याचा गुन्हा त्यांच्यावर नोंदविण्याची धमकी दिली जाते.

या साखळीतील निर्णायक कडी ‘परत मिळणारा विमा’ ही आहे. विम्याचा हप्ता हा जोखमीचा मोबदला असल्याने तो विमा उतरविलेल्या रकमेचा लहानसा भाग असतो, आणि माल सुखरूप पोहोचला म्हणून तो परत दिला जात नाही. वरील उदाहरणात ८,००० रुपयांच्या पिल्लाचा हप्ता १२,००० आहे आणि तो पोहोचताच परत मिळणार आहे, म्हणजे विम्याची दोन्ही लक्षणे उलटी झाली आहेत. तरीही ही मागणी मान्य होते, कारण परताव्याचा शब्द दिला की रक्कम खर्च वाटत नाही, ठेव वाटते. शिवाय आधीचे १०,००० रुपये वाचविण्याचा तोच एक मार्ग दिसू लागतो. दरवेळची रक्कम आधीपेक्षा मोठी असते ती याच कारणाने.

पुरावा म्हणून हवाई मालपावतीचे, म्हणजे एअर वेबिलचे, छायाचित्र पाठविले जाते. खऱ्या पावतीवर अकरा अंक असतात. पहिले तीन विमान कंपनीचे (एअर इंडियाचे ०९८), नंतरचे सात अनुक्रमांकाचे आणि शेवटचा तपासणीचा. सात अंकी अनुक्रमांकाला ७ ने भागून उरणारी बाकी हाच तो शेवटचा अंक. १२३४५६७ ला ७ ने भागल्यास ५ उरतात, म्हणून ०९८-१२३४५६७५ हा क्रमांक नियमात बसतो, तर ०९८-१२३४५६७८ बसत नाही. ७ ने भागल्यावर बाकी ६ पेक्षा अधिक राहू शकत नाही, त्यामुळे ज्या पावतीचा शेवटचा अंक ७, ८ किंवा ९ आहे ती पाहताक्षणी खोटी समजावी. या कसोटीला मर्यादा आहे. दुसऱ्या कुणाची खरी पावती वापरली असल्यास हिशेब जुळतो. म्हणून विक्रेत्याने दिलेल्या दुव्यावर न जाता विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून निघण्याचे आणि पोहोचण्याचे ठिकाण पाहावे. रेल्वेने पाठवीत असल्याचा दावा असल्यास भाडे स्थानकाच्या पार्सल कार्यालयात भरले जाते, कुणाच्या वैयक्तिक यूपीआय खात्यावर नव्हे.

छायाचित्राचा इंटरनेटवर उलट शोध घेणे ही लोकप्रिय कसोटी तितकी भरवशाची नाही, कारण चलचित्रातून काढलेले किंवा आरशासारखे उलटवलेले चित्र अनेकदा सापडत नाही. त्यापेक्षा थेट व्हिडिओ कॉलवर पिल्लाचा डावा कान उचलून दाखवायला सांगणे चांगले, मागेपुढे करणाऱ्या विक्रेत्याकडे पिल्लू नाही असेच धरावे. श्वान प्रजनन व विपणन नियम, २०१७ अन्वये आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही आणि प्रजनन करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावयाची असते. त्यामुळे ‘तीस दिवसांचे पिल्लू’ ही जाहिरात खरी असली तरी नियमबाह्य ठरते.

गायी-म्हशींच्या बाबतीत प्रकार हाच, फक्त पिंजऱ्याच्या जागी ट्रक येतो. गीर गाय किंवा मुऱ्हा म्हैस टेम्पोत चढताना दाखवून डिझेल, टोल आणि वाटेतील परवान्याचे पैसे मागितले जातात. खऱ्या जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला असू शकतो. तो क्रमांक व्हिडिओत वाचून दाखवायला सांगावा आणि विम्याचे कागद दिले असल्यास त्यांवरील क्रमांकाशी ताडून पाहावा.

कायद्याच्या दृष्टीने १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-ड ही येथे लागू पडणारी मुख्य कलमे होत. तक्रार १९३० या क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in येथे करता येते. रक्कम मधल्या खात्यात असेपर्यंतच ती रोखून धरता येते, आणि अशी खाती काही तासांत रिकामी होतात, म्हणून पिल्लाची वाट पाहत रात्र काढण्याऐवजी त्याच संध्याकाळी फोन करणे आवश्यक असते. वरील उदाहरणातील चारही रकमा चार स्वतंत्र व्यवहार असून बहुधा निरनिराळ्या खात्यांत गेलेल्या असतात. तक्रारीत प्रत्येकाचा बारा अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक, वेळ आणि रक्कम वेगवेगळी द्यावी, कारण केवळ ‘२२,००० रुपये गेले’ एवढ्या नोंदीवरून बँकेला कोणते खाते गोठवायचे हे कळत नाही.