टॅक्ट टाइम आणि लाईन बॅलन्सिंग

टॅक्ट टाइम म्हणजे मागणी पुरी करायची असेल तर लाईनवरून दर किती सेकंदांनी एक तयार नग बाहेर पडायला हवा, तो अवधी. लाईन बॅलन्सिंग म्हणजे जुळणीची छोटी छोटी कामे स्टेशनांवर अशी वाटणे, की एकाही स्टेशनचे काम त्या अवधीबाहेर जाणार नाही आणि कोणाचे हात फार वेळ रिकामे राहणार नाहीत. टॅक्ट मागणीतून येतो, म्हणून तो हिशेबाने काढतात. एखाद्या स्टेशनला एका नगासाठी प्रत्यक्ष लागणारा वेळ म्हणजे सायकल टाइम, आणि तो स्टॉपवॉचने मोजावा लागतो. कारखान्यात हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि पुढचे बरेच घोटाळे तिथूनच सुरू होतात.

‘टाक्ट’ हा जर्मन शब्द संगीतातला आहे. आपल्याकडे ज्याला ठेका म्हणतात त्याच्या जवळचा. १९३०च्या दशकात जर्मनीच्या विमान कारखान्यांत विमानांचे सांगाडे ठरावीक वेळाने एका जागेवरून पुढच्या जागेवर सरकवले जात. तिथे रुळलेला हा शब्द पुढे जपानमध्ये टोयोटाने आपल्या उत्पादन पद्धतीचा पाया म्हणून वापरला. कामे वाटण्याच्या प्रश्नाला गणिती रूप १९५५ मध्ये मेल्विन सॅल्व्हसन यांनी दिले.

या नोंदीत मिक्सर-ग्राइंडरच्या लाईनचे उदाहरण घेतले आहे. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण कामांचा क्रम आणि अडचणी अशा लाईनवर खरोखर आढळतात त्याच आहेत.

## टॅक्ट काढणे

पाळी साडेआठ तासांची, म्हणजे ५१० मिनिटांची. त्यातून जेवणाची ३० मिनिटे, दोन चहांची मिळून २०, सुरुवातीच्या बैठकीची ५ आणि शेवटी साफसफाईची ५ मिनिटे गेली की कामाची ४५० मिनिटे उरतात, म्हणजेच २७,००० सेकंद. एका पाळीत ४५० मिक्सर हवे असतील, तर

टॅक्ट = २७,००० ÷ ४५० = ६० सेकंद

सगळ्यांत जास्त चुका या भागाकारातल्या वरच्या आकड्यात होतात. सुट्ट्या वजा न करता पूर्ण ५१० मिनिटे धरली तर टॅक्ट ६८ सेकंद येतो. मग ६८ सेकंद घेणारे स्टेशन कागदावर बरोबर दिसते, आणि पाळीअखेर ४५० ऐवजी ३९७ नगच का निघाले याचे उत्तर कोणालाच सापडत नाही. उलट, मशीन बिघडणे किंवा माल न येणे यांसाठी वेळ आधीच वजा करून टॅक्ट आखडू नये. तसे केले की ते बिघाड गृहीत धरले जातात आणि त्यांच्या मागे लागणे थांबते. त्यांच्यासाठीची सवड स्टेशनच्या वेळेत ठेवावी, म्हणजे ६० च्या टॅक्टला स्टेशनवर ५६-५७ सेकंदांपेक्षा जास्त काम देऊ नये.

## वेळ मोजणे

स्टेशनचा एकूण वेळ मोजून बॅलन्सिंग होत नाही. काम जिथे तुटू शकते तिथे तोडून प्रत्येक तुकडा वेगळा मोजावा लागतो. उदाहरणार्थ, ‘वायरिंग’ हा एक तुकडा नव्हे. मोटरच्या वायरी स्विचला जोडणे, मेन कॉर्डच्या वायरी जोडणे आणि सगळ्या वायरी नीट बसवून टाय लावणे हे तीन तुकडे आहेत. ते वेगवेगळ्या स्टेशनांवर होऊ शकतात. प्रत्येकाची किमान दहा मोजमापे घ्यावीत, तीही नेहमीच्या ऑपरेटरची. सर्वांत चपळ माणसाच्या वेळेवर लाईन आखली, तर तो रजेवर गेला त्या दिवशी ती कोसळते.

मोजताना ज्याच्याकडे काम कमी आहे त्याच्याकडे विशेष लक्ष द्यावे. ३४ सेकंदांचे काम असलेला ऑपरेटर कधीच हात बांधून उभा राहत नाही. तो स्टिकर दोनदा दाबतो, बॉडी पुन्हा पुसतो, आणि लांबून पाहणाऱ्याला तोही इतरांइतकाच व्यस्त दिसतो. हा त्याचा कामचुकारपणा नसतो, वाटणीतला दोष तो आपल्या परीने झाकत असतो.

या लाईनवर आठ स्टेशने आहेत. मोजमापे अशी आली:

| स्टेशन | काम (सेकंद) | एकूण |
|---|---|---|
| १ | बॉडी जिगवर उलटी बसवणे १४, स्विच व नॉब २४ | ३८ |
| २ | ओव्हरलोड बटण १८, कॉर्ड व कॉर्ड-ग्रिप २६ | ४४ |
| ३ | रबरी बुशांसह मोटर बसवणे २४, चार स्क्रू २८ | ५२ |
| ४ | मोटरच्या वायरी ३२, कॉर्डच्या वायरी २०, वायरी बसवून टाय २२ | ७४ |
| ५ | खालचे झाकण व स्क्रू ३४, रबरी पाय १२ | ४६ |
| ६ | कपलर १६, पुसणे व रेटिंग स्टिकर १८ | ३४ |
| ७ | विद्युत सुरक्षा चाचणी ३०, तिन्ही वेगांवर चालवून पाहणे ३८ | ६८ |
| ८ | भांड्यांसह पॅकिंग | ५६ |

एकूण काम ४१२ सेकंदांचे. लाईन तिच्यातल्या सर्वांत हळू स्टेशनच्या वेगाने चालते, म्हणून पाळीला २७,००० ÷ ७४, म्हणजे ३६४ नग निघतात. लाईनची कार्यक्षमता म्हणजे एकूण काम भागिले (स्टेशने × सर्वांत मोठा वेळ). इथे ती ४१२ ÷ ५९२, म्हणजे सुमारे ७० टक्के येते.

## लपलेली दुसरी अडचण

लाईनवर चक्कर मारली की चौथ्या स्टेशनआधी उलट्या बॉडींची रांग लागलेली दिसते आणि पाचव्या स्टेशनवरचा माणूस वाट पाहत असतो. अशा वेळी सहसा चौथ्यावर एक मदतनीस दिला जातो. वायरिंग दोघांत वाटले जाऊन ३७ सेकंदांवर येते, तरीही पाळीअखेर ३९७ नगच निघतात, कारण आता सातवे स्टेशन ६८ सेकंदांनी लाईन अडवते. आधी सातव्यापुढे रांग नव्हती, कारण त्याच्यापर्यंत नग ७४ सेकंदांनी एकच पोचत होता. माल फक्त पहिल्या अडथळ्यापुढे तुंबतो. त्याच्या पुढचे अडथळे नजरेला दिसत नाहीत, ते मोजल्यावरच कळतात. शिवाय माणसे नऊ झाल्याने कार्यक्षमता ४१२ ÷ (९ × ६८), म्हणजे ६७ टक्क्यांवर उतरली. नग वाढले, पण प्रत्येक नगाची मजुरीही वाढली.

म्हणून सर्व स्टेशनांचे काम एकावर एक रचलेल्या पट्ट्यांत काढून त्यावर टॅक्टची आडवी रेघ मारतात. या तक्त्याला जपानी शब्दावरून यामाझुमी म्हणतात. वरील आकडे त्यात मांडले की रेघेबाहेर डोकावणारे दोन्ही मनोरे, चौथा आणि सातवा, एकाच वेळी दिसतात.

## नवी वाटणी

एकूण काम भागिले टॅक्ट, म्हणजे ४१२ ÷ ६० = ६.८७. कागदावर सात माणसे पुरतात, पण मग प्रत्येकाला सरासरी ५८.९ सेकंद काम येते आणि स्क्रू सटकायलाही सवड उरत नाही. इथे आठच माणसे ठेवून काम हलवणे योग्य.

कोणते काम कशाच्या आधी व्हायलाच हवे, हे आधी मांडावे. वायरी पूर्ण जोडल्याशिवाय टाय लागत नाही, टाय लागल्याशिवाय झाकण बंद करता येत नाही, आणि झाकणाआधी केलेली सुरक्षा चाचणी निरुपयोगी असते. स्क्रू आवळताना वायर दबली का, हे त्या चाचणीतच कळते. कॉर्डच्या वायरींना मात्र मोटरची वाट पाहावी लागत नाही. स्विच आणि ओव्हरलोड जागेवर असले की त्या जोडता येतात. इथेच वाट मोकळी होते.

कोणते काम आधी वाटावे याची हाताने करायची एक चांगली पद्धत हेल्गेसन आणि बर्नी यांनी १९६१ मध्ये मांडली. प्रत्येक कामाच्या वेळेत त्याच्यावर अवलंबून असलेल्या पुढच्या सर्व कामांचे वेळ मिळवायचे आणि मोठ्या बेरजेचे काम आधी वाटायचे. कपलरची बेरीज १५८ येते आणि मोटरच्या वायरींची २४२, म्हणून वायरींना आधी जागा द्यायची.

बदल चार झाले. ओव्हरलोड बटण पहिल्या स्टेशनवर आले. कॉर्डच्या वायरी चौथ्यावरून दुसऱ्यावर गेल्या. सुरक्षा चाचणी सातव्यावरून सहाव्यावर कपलरसोबत आली. पुसणे आणि रेटिंग स्टिकर सातव्यावर, चालवून पाहिल्यानंतर गेले. हा शेवटचा बदल वेळेपलीकडेही फायद्याचा आहे, कारण चाचणीत नापास झालेल्या मिक्सरवर स्टिकर लागतच नाही. नवे वेळ क्रमाने ५६, ४६, ५२, ५४, ४६, ४६, ५६ आणि ५६ सेकंद झाले. त्याच आठ माणसांत कार्यक्षमता ९२ टक्क्यांवर गेली. सर्वांत मोठा वेळ ५६ असल्याने ४५० नग निघून थोडी सवडही राहते.

## प्रत्यक्ष बसवताना

काम हलवले की त्याचे भाग, हत्यार आणि ठेवायची जागाही हलवावी लागते. ओव्हरलोडचा डबा दुसऱ्या स्टेशनवरच राहिला, तर पहिला ऑपरेटर वाकून हात लांबवतो आणि १८ सेकंदांचे काम २३ चे होते. ५६ मध्ये ५ मिळवले की टॅक्ट गेला.

कॉर्डच्या वायरी आधी जोडण्यात एक खरा धोका आहे. मोटर उतरवताना त्या सुट्या असतात आणि रबरी बुशाखाली चिमटतात. वायर पूर्ण चिरडली तर चाचणीत पकडली जाते. अर्धवट दबलेली वायर मात्र पास होऊन ग्राहकाच्या घरी पोचते आणि मोटरच्या थरथरीने तिचे आवरण झिजते. म्हणून जिगला एक क्लिप लावून वायरी मोटरच्या वाटेबाहेर अडकवाव्यात. त्यात दोन-तीन सेकंद जातात, पण दुसऱ्या स्टेशनवर तेवढी जागा आहे.

सुरक्षा चाचणीचा टेस्टर हलवताना रबरी मॅट, अर्थिंग आणि आडोसा हे सगळे सोबत हलले पाहिजे. तिथे बसणाऱ्याला आधी प्रशिक्षण द्यावे लागते, नुसता माणूस बदलून चालत नाही. मिक्सर चालू असताना सातव्या ऑपरेटरचे हात मोकळे दिसतात, म्हणून तेवढ्यात त्याने पुसून घ्यावे असे सुचवले जाते. ते मान्य करू नये. त्या वेळात त्याचे कान काम करत असतात, बेअरिंगची घरघर किंवा कपलरचा खडखडाट त्याला तेव्हाच ऐकू येतो.

नापास नगांचाही हिशेब धरावा. शंभरात चार मिक्सर पहिल्या फेरीत नापास होऊन दुरुस्तीनंतर पुन्हा सातव्यावर आले, तर ५६ चे प्रत्यक्षात ५८ होतात. दुरुस्ती लाईनबाहेरच्या बाकावर करावी. लाईनवरच झाकण उघडायला बसले, तर एका मिक्सरपायी मागची सहा स्टेशने थांबतात.

मॉडेल बदलले की हिशेबही बदलतो. तीन भांड्यांच्या पॅकिंगला ५६ सेकंद लागत असतील आणि चार भांड्यांना ६६, तर निम्मे-निम्मे नग धरून सरासरी ६१ येते, म्हणजे टॅक्टबाहेर. अशा वेळी एका भांड्याची पिशवी आणि झाकण आधीच बांधून ठेवण्याचे काम लाईनबाहेर काढतात.

## मागणी घटल्यावर

मागणी ३०० वर आली तर टॅक्ट ९० सेकंदांचा होतो आणि जुनी आठ माणसे जास्त ठरतात. ४१२ ÷ ९० = ४.५८, म्हणजे पाच स्टेशने. कपलर मोटरच्या स्क्रूंनंतर लगेच बसवला, तर ८२, ८८, ८८, ८० आणि ७४ अशी वाटणी जमते. त्यासाठी जिग फिरती असावी लागते, कारण बॉडी उलटी असताना कपलरची बाजू खाली असते. दोन स्टेशनांवर दोनच सेकंदांची सवड उरते, म्हणून पाच जणांना माल पुरवायला आणि अडलेल्याच्या मदतीला एक सहावा माणूस द्यावा. बाकी दोघांना दुसऱ्या लाईनवर पाठवावे, आणि या लाईनवर नवी वाटणी रुळेपर्यंत दर तासाचे नग फळ्यावर लिहावेत. ९० च्या टॅक्टला भरल्या तासात ४० नग यायला हवेत. ओळीने दोन तास ३७-३८ आले, तर पुन्हा स्टॉपवॉच घेऊन सगळी स्टेशने मोजायला घ्यावीत.