रूपांतरित टिपणांचा फोल्डर पुढच्या वर्गाकडे सोपवताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दादर स्थानकाजवळच्या आमच्या केंद्रात टंकलेखन, स्कॅनिंग आणि जुन्या फाँटमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम होते. आमच्या ग्राहकांत मराठी माध्यमातून बी.ए. करणारे विद्यार्थी बरेच आहेत. प्राध्यापकांनी वर्षानुवर्षांपूर्वी टंकलिखित करून घेतलेली टिपणे ते आमच्याकडून रूपांतरित करून घेतात, त्यांत पीपीटी घालतात आणि तृतीय वर्ष संपले की सगळा फोल्डर मागच्या वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याच्या स्वाधीन करतात. काही महिन्यांनी तो विद्यार्थी तोच फोल्डर घेऊन आमच्याकडे येतो आणि विचारतो की एकाच प्रकरणाच्या या चार फायलींपैकी वाचायची कोणती. हा प्रश्न सोपवणाऱ्यानेच आधी सोडवून ठेवावा, यासाठी हे पत्रक आहे. शेवटी सोपवण्याच्या चिठ्ठीचा नमुना दिला आहे. तो आपल्या विषयानुसार बदलून वापरावा.

फाइलचे नाव

आम्ही परत देत असलेल्या फायलींची नावे पुढीलप्रमाणे असतात. उदाहरण इतिहासाच्या पाचव्या सत्रातील तिसऱ्या घटकाचे आहे.

```
HIS5_U03_2024-08-12_notes_mool.docx
HIS5_U03_2024-08-12_notes_uni.docx
HIS5_U03_2024-08-12_notes_tapas.docx
```

पहिला भाग विषय आणि सत्र सांगतो, दुसरा घटक, तिसरा तारीख, चौथा फाइलचा प्रकार, आणि शेवटचा शब्द फाइलची अवस्था. घटकाचा क्रमांक दोन अंकी लिहावा, कारण काही ठिकाणी यादी अक्षरानुक्रमे लागते आणि तेथे U10 हा U2 च्या आधी येतो. तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिली की अक्षरानुक्रम आणि कालानुक्रम एकच होतो. ही तारीख तासाची असावी, रूपांतर केल्याची नव्हे, कारण कनिष्ठ विद्यार्थी टिपण शोधतो ते वर्गात कधी काय शिकवले या आठवणीवरून किंवा वहीतील तारखेवरून.

नावातील शेवटचा शब्द आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. `mool` म्हणजे प्राध्यापकांकडून जशी मिळाली तशी फाइल. तिच्यात एक स्वल्पविरामही बदलायचा नाही. `uni` म्हणजे यंत्राने रूपांतर केलेली, परंतु माणसाने अद्याप न वाचलेली फाइल. `tapas` म्हणजे मूळ प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासलेली फाइल. अभ्यासाला हीच घ्यावी. ‘फायनल’ हा शब्द नावात घालू नये, कारण त्यातून फाइल कोणी आणि कशाशी ताडून पाहिली हे कळत नाही.

नावे रोमन अक्षरांत ठेवण्याचा आमचा आग्रह आहे. मराठी नावे दिसायला छान असतात, पण झिप करून पाठवलेल्या फायली एखाद्या जुन्या संगणकावर उघडल्या की देवनागरी नावांची अक्षरे विस्कटल्याचे आम्ही अनेकदा पाहिले आहे. मराठी मजकूर फाइलच्या आत असावा, नाव साधे असावे.

रूपांतरित मजकूर कोठे चुकतो

कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये संगणक मराठी अक्षरे साठवत नाही. तो साठवतो ती इंग्रजी कळफलकावरील चिन्हे, आणि फाँट त्या चिन्हांना मराठी अक्षरांचे रूप देतो. म्हणून तो फाँट नसलेल्या फोनवर ‘विद्यार्थी’ हा शब्द असा दिसतो:

```
fo|kFkhZ
```

येथे `f` म्हणजे पहिली वेलांटी, जी उच्चारात ‘व’नंतर येत असली तरी टंकताना ‘व’च्या आधी येते, आणि उभी रेघ म्हणजे ‘द्य’. विंडोजमध्ये फाइलच्या नावात उभी रेघ चालत नाही, त्यामुळे जुन्या फाइलचे शीर्षक उचलून नावात चिकटवू पाहणाऱ्याला संगणक थेट नकार देतो. ही अडचण निदान लगेच दिसते.

खरी फसगत पीडीएफमध्ये होते. कृतिदेवमधील टिपणाची पीडीएफ केली की फाँट तिच्यातच बसतो, म्हणून पान कोणत्याही फोनवर स्वच्छ मराठीत दिसते आणि रूपांतर झाले आहे असे वाटते. मात्र तिच्यात ‘विद्यार्थी’ हा शब्द शोधला तर एकही जागा सापडत नाही. एक ओळ निवडून फोनवरील संदेशाच्या चौकटीत चिकटवून पाहावी. वरच्यासारखी चिन्हे उमटली तर ती पीडीएफ मूळच आहे आणि तिच्या नावात `mool` हाच शब्द हवा.

गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी गिरणी कामगारांच्या चळवळीवरचे चौदा पानांचे टिपण घेऊन आली होती. तिला ते वरिष्ठांकडून ‘युनिकोड’ म्हणून मिळाले होते आणि ते युनिकोडमध्ये होतेही, पण तपासलेले नव्हते. त्यात तीन प्रकारच्या चुका होत्या आणि आमच्या अनुभवात याच तीन पुन्हा पुन्हा आढळतात.

पहिली वेलांटीची. साधे रूपांतरक वेलांटी पुढच्या एकाच चिन्हापलीकडे नेतात, त्यामुळे ‘गिरणी’ बरोबर येते, पण ‘स्थिती’मध्ये वेलांटी अर्ध्या ‘स’वरच अडकते आणि ठिपक्यांचे छोटे वर्तुळ दिसते. हे वर्तुळ डोळ्यांना लगेच खुपते, म्हणून ही चूक पकडायला सर्वांत सोपी.

दुसरी इंग्रजी शब्दांची. टिपणात कंसात `mill` असे लिहिले होते. मजकूर साध्या चौकटीत चिकटवला की कोणता शब्द कोणत्या फाँटमध्ये होता ही माहिती गळून जाते, रूपांतरक सगळेच कृतिदेव समजतो आणि `mill` चा ‘उपसस’ होतो. अर्थहीन शब्द आढळला की तो खोडून टाकू नये. मूळ फाइलमध्ये तीच जागा उघडून पाहावी. तेथे बहुधा एखादी इंग्रजी संज्ञा किंवा ग्रंथाचे नाव असते आणि परीक्षेच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे असू शकते.

तिसरी चूक सर्वांत शांत असते. ‘तिसऱ्या पाळीत’ या शब्दांचे ‘तिसर्या पाळीत’ झाले होते. बरेच रूपांतरक हिंदी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून बनलेले असल्याने मराठीचा ‘ऱ्य’ त्यांना ठाऊक नसतो आणि ते सरसकट ‘र्य’ देतात. वर्तुळ दिसत नाही, शब्द मोडलेला वाटत नाही, परंतु ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ यांत स्वयंपाकी आणि गुरू इतका फरक आहे. त्या विद्यार्थिनीने ‘र्या’ शोधून सर्व ठिकाणी ‘ऱ्या’ करण्याची आज्ञा दिली होती, आणि ‘तिसऱ्या’, ‘कर्मचाऱ्यांना’, ‘व्यापाऱ्यांनी’ हे शब्द सुधारले तरी त्याबरोबरच ‘कार्यालय’चे ‘काऱ्यालय’ आणि ‘मर्यादा’चे ‘मऱ्यादा’ झाले. आम्ही `uni` फाइल पुन्हा घेतली, ‘र्या’ची एकेक जागा शोधली आणि प्रत्येक ठिकाणी शब्द वाचून निर्णय केला. चौदा पानांना अर्धा तास लागला. या कामाला दुसरी वाट आम्हांला सापडलेली नाही.

तारखा आणि आकडे मात्र मूळ प्रतीशी वेगळे ताडावेत. संप 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झाला, हे वाक्य एक अंक चुकला तरी व्याकरणदृष्ट्या निर्दोष राहते आणि वाचणाऱ्याला शंका येत नाही.

पीपीटी

पीपीटीची पीडीएफ केली तरी मूळ `pptx` फाइल काढून टाकू नये. एकाच स्लाइडवर एकामागून एक येणारी चित्रे पीडीएफमध्ये एकमेकांवर बसतात, चित्रफिती चालत नाहीत, आणि स्लाइडखाली प्राध्यापकांनी लिहिलेली टाचणे साध्या पीडीएफमध्ये येतच नाहीत. ही टाचणे पुष्कळदा स्लाइडपेक्षा अधिक सांगतात. ती हवी असल्यास छापताना ‘नोट्स पेजेस’ हा पर्याय निवडून वेगळी पीडीएफ करावी.

मालकी

गूगल ड्राइव्हवरील फोल्डर इतरांना दिसतो म्हणून तो त्यांचा होत नाही. वरिष्ठाने जागा मोकळी करण्यासाठी स्वतःच्या फायली काढल्या, तर त्या कचरापेटीत जातात आणि 30 दिवसांनी कायमच्या नष्ट होतात. म्हणून सोपवताना मालकीही हस्तांतरित करावी. वैयक्तिक खात्यात शेअरच्या चौकटीतून तशी विनंती पाठवता येते आणि समोरच्याने ती स्वीकारावी लागते. फोल्डरची मालकी दिली म्हणजे आतल्या फायलींची मालकी जात नाही, त्यामुळे फायली निवडून त्यांचीही मालकी द्यावी. महाविद्यालयाने दिलेल्या खात्यातून बाहेरच्या वैयक्तिक खात्याकडे मालकी जात नाही. अशा वेळी खाते बंद होण्यापूर्वी कनिष्ठाने सर्व फायली उतरवून घेऊन आपल्या ड्राइव्हवर चढवाव्यात.

चिठ्ठीचा नमुना

ही चिठ्ठी `00_aadhi_vacha.docx` या नावाने फोल्डरमध्ये ठेवावी, म्हणजे ती यादीत सर्वांत वर राहील.

> इतिहासाच्या पाचव्या सत्राचा हा फोल्डर मी आजपासून तुझ्याकडे सोपवत आहे. अभ्यासासाठी नावात `tapas` असलेल्या फायलीच उघड. घटक 1 ते 4 मी मूळ प्रतीशी ताडून वाचले आहेत. घटक 5 च्या फायली अजून `uni` आहेत. त्यांतील ‘र्या’ असलेले शब्द आणि सर्व तारखा तपासलेल्या नाहीत, म्हणून त्या उत्तरात जशाच्या तशा उतरवू नकोस. तपासून झाले की नवी प्रत करून तिच्या नावात `tapas` लिही, `uni` फाइल मात्र राहू दे.
>
> घटक 3 च्या पीपीटीतील नवव्या स्लाइडवर दोन नकाशे एकावर एक आहेत, त्यामुळे ती स्लाइड पीडीएफमध्ये न पाहता `pptx` मध्ये पाहा. 19 ऑगस्टच्या तासाला मी गैरहजर होतो आणि त्या दिवसाचे टिपण माझ्या मैत्रिणीच्या वहीवरून टंकलेले आहे. त्याची `mool` फाइल म्हणजे वहीच्या पानांची छायाचित्रे आहेत.
>
> मालकीची विनंती तुझ्या वैयक्तिक खात्यावर पाठवली आहे. ती स्वीकारल्यावर मला कळव, तोपर्यंत मी माझ्याकडील काहीही काढणार नाही.