होटगीची होगटी

भाचीच्या लग्नपत्रिकेचा सहावा खर्डा आम्ही चौघांनी वाचला होता. तरी सोलापुरातल्याच कार्यालयाचा पत्ता ‘होगटी रोड’ असा छपाईला निघाला होता. होटगी रोडवरून रोज जाणारी माणसं आम्ही!

वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही. तो उड्या मारतो आणि मध्ये साधारण पाव सेकंद थांबतो. त्या थांब्यात स्पष्ट दिसतो तो हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढाच भाग. बाकीचं मेंदू अंदाजाने भरतो. मजकूर जितका पाठ, तितका अंदाज पक्का. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ तर कोण वाचतं? ते आपण नुसतं ओळखतो. म्हणून स्वतःच्या सहाव्या खर्ड्यातली चूक परक्याला आधी दिसते.

मग मी पत्रिका शेवटून वाचायला घेतली. अक्षरं उलटी नाहीत, फक्त शब्दांचा क्रम उलटा. ओळीवर पोस्टकार्ड धरायचं आणि ते सरकवत एकेक शब्द उघडा करायचा. ‘विनंती, ही, द्यावेत, शुभाशिर्वाद’... पुढचा शब्द कोणता येणार हे ठाऊक नसल्याने मेंदूला प्रत्येक शब्द बघावाच लागतो. ‘शि’ दीर्घ हवी होती, ते इथे दिसलं. ‘निमंत्रक’मधला अनुस्वार ‘नि’वर जाऊन बसला होता. होगटीही सापडली. अर्थात, ‘शी’ दीर्घ असते हेच माहीत नसेल, तर उलटं वाचून काय उपयोग!

एक चूक मात्र उलट्या वाचनात सापडणं शक्यच नव्हतं. आधी ‘मिरवणूक योजिली आहे’ असं वाक्य होतं. नंतर मिरवणूक रद्द होऊन तिथे ‘स्वागत समारंभ’ आला आणि क्रियापद जुनंच राहिलं. ‘योजिली’ हा शब्द सुटा पाहिला तर शुद्धच आहे. तो पकडला कानाने. भावाने मोठ्याने वाचलं, ‘स्वागत समारंभ योजिली’, आणि अडखळला. जीभ डोळ्याइतकी पळत नाही, त्यामुळे डोळ्यालाही तिच्यासाठी रेंगाळावं लागतं आणि कमी शब्द गाळले जातात. पण डोळा जिभेच्या एक-दोन शब्द पुढेच असतो. म्हणून पाठ मजकूर असेल तर माणूस मोठ्याने वाचतानाही चुकीच्या जागी बरोबर शब्द बोलून मोकळा होतो. त्यासाठी वाचणारा शक्यतो तो मजकूर न लिहिलेला असावा, आणि लिहिणाऱ्याने ऐकावं. ऱ्हस्व-दीर्घाची अपेक्षा कानाकडून ठेवू नये. ‘आशिर्वाद’ आणि ‘आशीर्वाद’ बोलण्यात बहुतेक सारखेच उमटतात.

दोन्ही वाचनं झाली आणि पत्रिका छापायला द्यायला उठलो, तेवढ्यात आत्याने ती हातात घेतली. तिने काही वाचलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली आणि म्हणाली, “अरे, त्या तारखेला रविवार कुठाय? सोमवार आहे.”