घरखर्च पत्रक (स्प्रेडशीटवरील)

घरात महिनाभरात आलेला पैसा आणि झालेला खर्च तारीखवार नोंदून, त्यावरून वर्गवार बेरजा, बचतीचा दर आणि काही महिन्यांचा कल दाखवणारा आलेख काढण्याची पद्धत. नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील पगारदार कुटुंबांपासून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांपर्यंत ती वापरता येते. मात्र या दोन टोकांवर तिचा अर्थ सारखा राहत नाही, हे पुढे येईल.

उगम : जमा आणि खर्च हे दोन्ही शब्द मराठीत फारसीमार्गे आले. रोजच्या नोंदीची कीर्द आणि तिच्यातून खातेवार उतरवलेली खतावणी ही जोडी पेढ्या-दुकानांत दीर्घकाळ रुळलेली आहे. दिवाळीच्या वहीपूजनात पुजली जाते ती याच परंपरेतली वही. जपानमध्ये हानी मोतोको यांनी १९०४ मध्ये गृहिणींसाठी छापील हिशोबवही काढली, त्यामुळे काही लेखक घरखर्चाच्या वर्गवार नोंदीचे मूळ तिथे शोधतात. ते घरगुती वहीपुरते मान्य होईल. परंतु ‘आधी तारीखवार नोंद, मग खातेवार बेरीज’ ही रचना त्याहून बरीच जुनी व्यापारी आहे, आणि स्प्रेडशीट तीच उचलते.

संगणकावरील तक्त्याच्या उगमाबद्दलही एकमत नाही. रिचर्ड मॅटेसिच यांनी १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात अंदाजपत्रकासाठी संगणकीय तक्त्याची कल्पना मांडली. रेने पार्डो आणि रेमी लँडाऊ यांचा ‘लॅनपार’ १९६९च्या सुमाराचा. सर्वसामान्यांच्या हाती हे साधन आले ते १९७९ मधील डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांच्या ‘व्हिसिकॅल्क’मुळे. एक आकडा बदलताच त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे समोरच बदलतात, हा गुण घरखर्चासाठी निर्णायक असल्याने येथे व्हिसिकॅल्कपासून मोजणे अधिक सोयीचे.

रचना : ‘नोंदी’ या पानावर तारीख, तपशील, वर्ग, रक्कम हे चार स्तंभ असतात; ही कीर्द. दुसऱ्या पानावर डावीकडे वर्ग आणि वर महिने, ही खतावणी. वरच्या ओळीत प्रत्येक महिन्याची पहिली तारीख ठेवली की एकच सूत्र सगळ्या चौकटीत ओढता येते :

```
=SUMIFS('नोंदी'!$D:$D,'नोंदी'!$C:$C,$A2,'नोंदी'!$A:$A,">="&B$1,'नोंदी'!$A:$A,"<"&EDATE(B$1,1))
```

शेवटची अट ‘पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेच्या आत’ अशी ठेवण्याला कारण आहे. बँकेच्या उताऱ्यातून आलेल्या तारखेला कधी वेळही चिकटलेली असते. ‘महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत’ असे लिहिले तर ३१ तारखेच्या दुपारचा खर्च गळतो, कारण संगणकाच्या लेखी नुसती तारीख म्हणजे त्या दिवसाच्या सुरुवातीची मध्यरात्र.

याहून मोठा घोळ दिवस-महिन्याच्या क्रमाचा. तक्ता अमेरिकी पद्धतीवर असेल तर ०५/०७ ही नोंद ५ जुलै न राहता ७ मे होते, आणि १३/०७ ला तेरावा महिना नसल्याने ती नुसता मजकूर बनते. जुलैच्या १३ तारखेपासूनचा खर्च असा नाहीसा होतो आणि त्याआधीचा वेगवेगळ्या महिन्यांत विखुरतो. ओळखण्याची खूण सोपी आहे : खरी तारीख आपसूक उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. ‘किराणा’ आणि शेवटी रिकामी जागा पडलेला ‘किराणा ’ हेही दोन वर्ग ठरतात. म्हणून वर्ग हाताने न लिहिता ठरलेल्या यादीतून निवडावा. नोंदींची एकूण बेरीज आणि खतावणीची एकूण बेरीज यांतला फरक एका घरात कायम दिसत ठेवावा. तो शून्य नसेल तर काहीतरी गळले आहे. मात्र मेमध्ये जाऊन बसलेला जुलैचा खर्च ही तपासणी पकडत नाही. तो डोळ्यांनीच शोधावा लागतो.

एटीएममधून काढलेले ५,००० रुपये खर्च म्हणून लिहायचे आणि त्याच पैशांची भाजी, दूध पुन्हा लिहायचे, ही दुबार नोंद फार आढळते. क्रेडिट कार्डाच्या बिलाचेही तसेच. अशा हालचालींना ‘बदली’ असा वेगळा वर्ग द्यावा. तो ना खर्चात, ना बचतीत.

बचतीचा दर : आवकेतून खर्च वजा करून उरलेल्या रकमेला आवकेने भागले की दर मिळतो. वाद आहे तो आवक कशाला म्हणावे आणि खर्च कशाला, यावर. उदाहरणार्थ, इंदिरानगरमधील एक काल्पनिक कुटुंब घेऊ. हाती येणारा पगार ६२,००० रुपये. घरकर्जाचा हप्ता १८,५००, त्यात व्याज १४,२०० आणि मुद्दल ४,३००. वाणसामान, दूध-भाजी, शिकवणी, पेट्रोल वगैरे मिळून ३३,४००. उरले १०,१०० रुपये, म्हणजे दर १६.३ टक्के. मुद्दल फेडणे ही घरातली गुंतवणूकच, असे मानणारा पक्ष ती बचतीत धरतो. मग बचत १४,४०० आणि दर २३.२ टक्के होतो. पगारातून आधीच कापलेले भविष्यनिर्वाह निधीचे ३,००० आवक आणि बचत दोन्हींत मिळवले, तर तोच महिना २६.८ टक्क्यांवर जातो.

तिन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. संपत्ती किती वाढली हे पाहायचे तर तिसरा योग्य. ‘पुढच्या महिन्यात हात आखडायचा का’ हे ठरवताना मुद्दल किंवा निधी वापरता येत नाही, म्हणून मासिक पत्रकात पहिला दर ठेवून मुद्दल शेजारी वेगळे दाखवणे बरे. व्याख्या मध्येच बदलली तर मागचे सगळे महिने नव्याने मोजावे लागतात. नाहीतर आलेखात न झालेली प्रगती दिसते.

कलाचा आलेख : रेषालेखाची पद्धत विल्यम प्लेफेअर यांच्या १७८६ मधील ग्रंथापर्यंत मागे जाते. घरखर्चात मात्र नुसत्या मासिक रेषेवरून फारसे काही कळत नाही. वरच्याच कुटुंबाने जूनमध्ये शाळेची २४,००० रुपये फी भरली की त्या महिन्याचा दर उणे २२.४ टक्के होतो, आणि बोनसच्या महिन्यात रेषा उसळते. म्हणून मासिक रेषेसोबत मागील १२ महिन्यांची सरकती रेषा काढतात. ती काढताना बारा दरांची सरासरी घेऊ नये. बारा महिन्यांच्या बचतीची बेरीज त्याच बारा महिन्यांच्या आवकेच्या बेरजेने भागावी. पगाराच्या महिन्यात ६२,००० पैकी १०,१०० उरले आणि बोनसच्या महिन्यात १,०२,००० पैकी ३०,६००, तर दरांची सरासरी २३.१ टक्के येते. खरा दर २४.८ टक्के आहे. वर्ष पूर्ण होईपर्यंत फी, विमा, घरपट्टी यांचा बारावा हिस्सा दरमहा बाजूला टाकल्याचे दाखवून काम भागते.

द्राक्षबागायतदाराच्या घरी मासिक दर जवळपास निरर्थक ठरतो. ऑक्टोबरच्या छाटणीपासून औषधे आणि मजुरीत पैसा जात राहतो आणि आवक मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येते. तेथे बागेचा हिशोब वेगळ्या पानावर ठेवून, घरासाठी बागेतून उचललेली रक्कम हीच घराची आवक धरावी आणि बचतीचा दर हंगाम संपल्यावर वर्षातून एकदाच काढावा.